‘मिनॉक्सिडिलइतकेच गुणकारी’ हे ठरवले कोणी?

कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत केसांच्या तेलाची चौकशी करा, उत्तर आता ठरलेले मिळते. रोझमेरीचे तेल लावा, मिनॉक्सिडिलची गरज नाही, ते तितकेच गुणकारी असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे. भोपळ्याच्या बियांचे तेल घ्या, केस 40 टक्क्यांनी वाढतात. सॉ पाल्मेटोची कॅप्सूल घ्या, टक्कल पाडणारे डीएचटी नावाचे संप्रेरक ती नैसर्गिकरीत्या रोखते. आणि तिन्हींना साइड इफेक्ट अजिबात नाहीत. हे बोलणारा केवळ विक्रेता असता तर समजण्यासारखे होते. पण हेच शिकलेली माणसे एकमेकांना सांगतात, पार्लरमध्ये सांगितले जाते, कधीकधी केमिस्टही सांगतो, आणि सांगताना ‘सिद्ध’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. माझा राग त्या शब्दावर आहे. कोणी हौसेने, वासासाठी, मालिशच्या सुखासाठी डोक्याला काहीही लावावे, त्यावर बोलायचे कारण नाही. पण चोविशी-पंचविशीतला मुलगा भांगातून माथा दिसू लागल्यावर उपचार म्हणून या तीन गोष्टींवर दोन वर्षे काढतो, तेव्हा त्याला सांगितलेला पुरावा खरोखर किती आहे, हे तपासावेच लागते. मी तो तपासला आहे. सांगितला जातो त्याच्या जवळपासही तो जात नाही.

आधी रोझमेरी घेऊ, कारण सगळ्यात मोठा दावा तिचा आहे. ‘मिनॉक्सिडिलइतकेच’ हे वाक्य आले ते इराणमधल्या एका चाचणीतून. यूनस पनाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2015 साली प्रसिद्ध केली. आनुवंशिक टक्कल असलेले 100 पुरुष निवडले. पन्नास जणांना रोझमेरीचे लोशन, पन्नास जणांना 2 टक्के मिनॉक्सिडिल दिले, दोन्ही गटांनी ते सहा महिने टाळूला लावले. तीन महिन्यांनी केस मोजले तेव्हा दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा बदल नव्हता. सहा महिन्यांनी रोझमेरीच्या गटातली सरासरी सुमारे 123 वरून 130 वर गेली आणि मिनॉक्सिडिलच्या गटातली 138 वरून 141 वर. दोन्ही गटांत संख्याशास्त्रीय फरक आढळला नाही, म्हणून निष्कर्ष निघाला की दोन्ही सारखेच. बाटलीवरच्या सगळ्या दाव्यांचा पाया एवढाच आहे. हे आकडे नीट पाहिले तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती रोझमेरीची करामत नाही. या चाचणीत मिनॉक्सिडिलने जवळजवळ काहीच केले नाही, हे डोळ्यांत भरते. सहा महिन्यांत दोन-तीन केस! ज्या औषधाशी बरोबरी झाली म्हणून आनंद व्यक्त होतो, ते औषधच त्या चाचणीत उभे राहिलेले नाही. मग बरोबरी कशाशी झाली?

मिनॉक्सिडिल इतके निष्प्रभ असते का, तर नाही. 2002 साली अमेरिकेत एलिस ओल्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या 393 पुरुषांच्या चाचणीत 48 आठवड्यांनंतर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे 5 टक्के मिनॉक्सिडिलने सरासरी 18.6, 2 टक्के मिनॉक्सिडिलने 12.7 आणि औषध नसलेल्या नुसत्या द्रावणाने 3.9 केस वाढले. इथे दोन गोष्टी कळतात. एक, तेच 2 टक्के औषध नीट घेतलेल्या चाचणीत स्पष्ट काम करते. दुसरी जास्त महत्त्वाची. काहीच औषध नसलेल्या गटातही केस वाढतात! माणूस चाचणीत आला की डोक्याची काळजी घेतो, मोजणीत थोडी चूक असते, ऋतूप्रमाणे गळती कमी-जास्त होते, आणि गळती सर्वाधिक असताना दाखल झालेल्या माणसाची गळती पुढे कमी होणार हे ओघानेच येते. म्हणूनच नुसत्या द्रावणाचा तिसरा गट लागतो. पनाहींच्या चाचणीत तो गट नव्हता. तेव्हा रोझमेरीच्या गटात वाढलेले सात केस रोझमेरीने वाढवले की सहा महिन्यांनी असेही वाढलेच असते, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळू शकत नाही. शिवाय माणसामाणसांतला फरक चाळीस-पन्नास केसांचा होता. इतक्या विखुरलेल्या आकड्यांत पन्नास-पन्नास माणसांच्या दोन गटांत फरक आढळला नाही, तर त्याचा अर्थ फरक दिसण्याइतकी नजर त्या चाचणीला नव्हती, एवढाच होतो. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘दोन्ही सारखे आहेत’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान करायचे तर किती फरक नगण्य मानायचा हे आधी ठरवावे लागते आणि त्या हिशेबाने माणसे घ्यावी लागतात.

यावर सांगितले जाते की उंदरांवरच्या प्रयोगांतही रोझमेरी चालली, म्हणजे पाठबळ आहे. ते प्रयोग वाचायला हवेत. 2013 साली जपानमधल्या मुराता आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात टेस्टोस्टेरॉनमुळे केस वाढणे थांबलेल्या उंदरांच्या पाठीवर जे लावले, ते रोझमेरीच्या पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क होता. डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमला अडवणारा म्हणून त्यांनी जो घटक वेगळा काढला तो कार्नोसिक आम्लाच्या कुळातला. हे पदार्थ जड असतात, वाफेबरोबर उडत नाहीत. बाटलीतले सुगंधी तेल मात्र पाने वाफेवर ऊर्ध्वपातन करून मिळते. त्यात सिनिओल, कापूर, पायनिन असे उडणारे घटक येतात आणि कार्नोसिक आम्ल पातेल्यातच राहते. म्हणजे पुरावा अर्काचा आणि विक्री तेलाची. याहून मोठा गोंधळ घरोघरी उकळल्या जाणाऱ्या रोझमेरीच्या पाण्याचा आहे. मूठभर वाळलेली पाने उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटे उकळायची, गाळून स्प्रेच्या बाटलीत भरायचे आणि रोज डोक्यावर मारायचे. सिनिओल वाफेबरोबर घरभर पसरते, त्याचाच तो वास येतो. कार्नोसिक आम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही, ते चोथ्याबरोबर जाते. उरलेल्या तपकिरी पाण्यात काय राहिले? पनाहींच्या चाचणीतले लोशन प्रमाणित होते, सिनिओलचे प्रमाण मोजून ठरवलेले. घरचे पाणी त्या लोशनचे नावही सांगू शकत नाही. आणि फ्रिजबाहेर चार दिवस ठेवले तर त्यात जंतू वाढतात, ते पाणी खाजऱ्या टाळूवर जाते ते वेगळेच.

आणखी एक चाचणी नेहमी पुढे केली जाते, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची, 1998 सालची. तिची रचना पनाहींच्या चाचणीपेक्षा चांगली होती. थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि देवदाराच्या जातीचे तेल, असे मिश्रण एका गटाला आणि नुसते वाहक तेल दुसऱ्या गटाला. दोघांनी सात महिने रोज मालिश केली. मिश्रणाच्या गटात 43 पैकी 19 जणांना फायदा झाला, नुसत्या तेलाच्या गटात 41 पैकी 6 जणांना. हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण ते सगळे रुग्ण चाईचे होते. आपल्याकडे चाई म्हणतात तो आजार वेगळा. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढे गोल चट्टे पडतात. पुष्कळ रुग्णांत ते आपोआप भरतातही. भांग रुंदावणे किंवा कपाळ मागे सरकणे हे आनुवंशिक टक्कल, त्यात मुळे डीएचटीमुळे वर्षावर्षाने आखूड आणि बारीक होत जातात. एका आजारावरचा पुरावा दुसऱ्याच्या बाटलीवर छापायचा, हे कोणत्या नियमात बसते? आणि चार तेलांपैकी श्रेय एकट्या रोझमेरीला कोणी दिले?

भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा 40 टक्क्यांचा आकडा कोरियातून आला. 2014 साली 76 पुरुषांवर 24 आठवडे चाचणी झाली आणि इथे प्लासिबोचा गट होता, म्हणून ती रोझमेरीपेक्षा बरी. तेलाची कॅप्सूल घेणाऱ्यांचे केस सरासरी 40 टक्के वाढले, नकली कॅप्सूल घेणाऱ्यांचे 10 टक्के. हा 10 टक्क्यांचा आकडा थोडा वेळ समोर ठेवा. इराणच्या चाचणीत रोझमेरीने सहा महिन्यांत साडेपाच टक्के वाढ दाखवली. दोन्ही ठिकाणी मोजण्याची पद्धत वेगळी होती, त्यामुळे आकडे थेट जोडता येत नाहीत, हे खरे. तरीही काहीच औषध नसताना दहा टक्के वाढ मोजली जाऊ शकते, हे एकदा दिसल्यावर प्लासिबोशिवायच्या साडेपाच टक्क्यांवर कोणी बोलू नये.

कोरियाच्या चाचणीचे दोन प्रश्न मोठे आहेत. ती कॅप्सूल नुसत्या तेलाची नव्हती. भोपळ्याच्या बियांच्या तेलाखेरीज त्यात भाज्यांची पूड, टोमॅटोची पूड, रेड क्लोव्हर, ऑक्टाकोसॅनॉल असे बरेच काही होते. मग वाढ कशाने झाली हे सांगता येत नाही, आणि लेखकांनाही ते सांगता आलेले नाही. दुसरा प्रश्न मात्रेचा. दिवसाला 400 मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. भोपळ्याच्या सोललेल्या बियांत निम्म्याच्या आसपास तेल असते. तेव्हा एवढे तेल ग्रॅमभर, म्हणजे सात-आठ बियांत मिळते. लाल भोपळ्याची भाजी झाल्यावर बिया वाळवून, सोलून खाणारी घरे कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत आजही आहेत. सात-आठ बियांनी डोक्यावरचे केस चाळीस टक्क्यांनी वाढत असते, तर हा गुण एका कोरियन प्रयोगाची वाट पाहत बसला असता का? शिवाय त्याच चाचणीत केसाच्या जाडीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही, हे बाटलीवाले कधी सांगत नाहीत. आणि आपल्याकडे तर लोक हे तेल टाळूला चोळतात. ज्या चाचणीचा आकडा सांगतात ती पोटात घेतलेल्या कॅप्सूलची. टाळूला लावून ते तपासलेही गेले आहे, इजिप्तमध्ये स्त्रियांवर, 2021 च्या अभ्यासात 5 टक्के मिनॉक्सिडिल फोमच्या शेजारी ठेवून. तेलाने थोडे काही केले, फोमने जास्त केले. मिनॉक्सिडिलशी खरी तुलना झाली तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि नेमकी हीच गोष्ट कोणी बाटलीवर छापत नाही.

सॉ पाल्मेटोवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण इथे शास्त्राचा आव सर्वांत मोठा. अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडाच्या बाजूला वाढणारे हे खुजे ताडवर्गीय झाड. त्याच्या फळांचा तेलकट अर्क कॅप्सूलमध्ये भरतात. युक्तिवाद असा चालतो: टक्कल डीएचटीमुळे, डीएचटी तयार होते पाच-अल्फा-रिडक्टेज या एन्झाइममुळे, सॉ पाल्मेटो काचेच्या नळीत ते एन्झाइम अडवते, म्हणून केस वाचतात. प्रत्येक कडी वेगवेगळी पाहिली तर खरी वाटते. प्रश्न शेवटच्या कडीचा, माणसाच्या शरीरात तेवढे अडवले जाते का? याची सगळ्यात कडक परीक्षा केसांवर झालेली नाही, प्रोस्टेटवर झाली. वयानुसार प्रोस्टेट वाढते तेही डीएचटीमुळे, आणि टाळू व प्रोस्टेट दोन्हीकडे प्रामुख्याने एकाच प्रकारचे एन्झाइम काम करते. म्हणूनच फिनास्टेराइड हे औषध दोन्हीकडे चालते. 2006 साली 225 पुरुषांवर वर्षभर सॉ पाल्मेटो दिले, प्लासिबोपेक्षा फरक नाही. मात्रा कमी पडली असेल असा आक्षेप आला. म्हणून 2011 सालच्या चाचणीत 369 पुरुषांना मात्रा वाढवत नेऊन तिप्पट, म्हणजे दिवसाला 960 मिलिग्रॅमपर्यंत दिली, 72 आठवडे. तरीही प्लासिबोपेक्षा फरक नाही. आणि ज्याने वाद संपायला हवा होता तो पुरावा पीएसएचा. फिनास्टेराइडने प्रोस्टेटमधले डीएचटी घटले की रक्तातले पीएसए साधारण निम्मे होते. सॉ पाल्मेटोने तिप्पट मात्रेतही पीएसए हलवले नाही. शरीराच्या आत ते एन्झाइम अडवले जात असते, तर त्याची खूण पीएसएवर उमटायला नको होती का?

केसांवरच्या चाचण्या या तुलनेत फारच लहान आहेत. 2002 साली सॉ पाल्मेटो आणि बीटा-सिटोस्टेरॉल एकत्र देऊन केलेल्या अभ्यासात 26 पुरुष होते. शेवटी औषधाच्या गटातल्या दहापैकी सहा जणांना सुधारणा दिसली, प्लासिबोच्या नऊपैकी एकाला. ‘साठ टक्के लोकांना फायदा’ या घोषणेमागची माणसे सहा आहेत, आणि कॅप्सूलमध्ये दोन घटक होते. इटलीत रॉसी यांच्या चमूने 2012 साली 100 पुरुषांवर दोन वर्षे 320 मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो आणि 1 मिलिग्रॅम फिनास्टेराइड यांची तुलना केली. फिनास्टेराइडने 68 टक्के जणांत सुधारणा, सॉ पाल्मेटोने 38 टक्के जणांत. कोण काय घेतो हे तपासणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना माहीत होते, प्लासिबोचा गट नव्हता. त्यामुळे त्या 38 टक्क्यांतले किती सॉ पाल्मेटोचे आणि किती आपोआपचे, हे पुन्हा अज्ञातच राहते. पण एक गोष्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या आकड्यांत आहे. सॉ पाल्मेटो हरले.

इथे समोरून सर्वांत प्रामाणिक आक्षेप येतो तो अनुभवाचा. ‘तुम्ही चाचण्या सांगा, माझी गळती तेल लावल्यावर थांबली.’ थांबली असेलच. प्रश्न आहे तो कारणाचा. समजा, पावसाळा संपताना एखाद्या मुलीला डेंग्यू झाला. ताप उतरला आणि दोन-तीन महिन्यांनी डिसेंबरात कंगव्यात मुठीमुठीने केस येऊ लागले. याला कारण आहे. तापाच्या धक्क्याने पुष्कळ मुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ती अवस्था सुमारे तीन महिन्यांची असते आणि ती संपली की केस एकत्र गळतात. पण मूळ शाबूत असते आणि खाली नवा केस उगवलेला असतो. जानेवारीत तिने रोझमेरीचे तेल सुरू केले, एप्रिलपर्यंत गळती थांबली आणि कपाळावर बारीक नवे केस दिसू लागले. तिने तेल लावले नसते तरी एप्रिलमध्ये तेच दिसले असते. बाळंतपणानंतरची गळतीही अशीच, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचीही. आपल्या महाराष्ट्रातच याचा ढळढळीत दाखला आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत हाताला येऊ लागले, काहींचे पूर्ण टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अनेकांचे केस परत येऊ लागले. त्या आठवड्यांत कोणी गावात तेलाच्या बाटल्या वाटल्या असत्या, तर आज ‘शेगाव पॅटर्न’ नावाने ते तेल राज्यभर विकले गेले असते आणि अनुभव सांगणारी माणसे खरीच असती.

अनुभवामागे दुसरेही एक कारण आहे, आणि ते तेलाच्या बाजूने जाते. रोझमेरीचे थेंब खोबरेल तेलात घालून लावतात. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन निघून जाणे कमी करते, हे मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली दाखवले. खनिज तेल आणि सूर्यफूल तेल तसे करत नव्हते. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकणारी, ही गोष्ट लक्षात ठेवूनही तो प्रयोग समजण्याजोगा आणि सरळ आहे. पण त्यात काय तपासले? केसाची काडी. ती तुटणे कमी झाले तर कंगव्यात केस कमी दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटते मुळे जागी झाली. तुटलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका नसतो, मुळापासून गळलेल्या केसाला असतो. कंगव्यातले पंधरा-वीस केस पांढऱ्या कागदावर पसरून पाहिले की आपल्याकडे काय चालले आहे याचा अंदाज येतो. तेवढेही न पाहता श्रेय रोझमेरीला जाते, खोबऱ्याचे काम रोझमेरीच्या नावावर लिहिले जाते.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ या वाक्याला मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. सॉ पाल्मेटो खरेच डीएचटी अडवते असे मानले, तर ते संप्रेरकांवर काम करणारे औषध झाले, आणि मग फिनास्टेराइडबद्दल सांगितल्या जाणाऱ्या कामेच्छा कमी होण्यासारख्या तक्रारींची शक्यता मान्य करावी लागते, गर्भवतींनी घेऊ नये हेही मान्य करावे लागते. ते डीएचटी अडवत नाही असे मानले, तर साइड इफेक्ट नसणे शक्य आहे, पण मग परिणामही नाही. दोन्ही फायदे एकाच कॅप्सूलमध्ये मागता येत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया जवळ आलेल्यांनी सॉ पाल्मेटोबद्दल डॉक्टरांना सांगावे, कारण रक्तस्राव वाढल्याच्या नोंदी आहेत. रोझमेरीचे सुगंधी तेल पातळ न करता लावले तर टाळू भाजल्यासारखी लाल होते, कातडीला ॲलर्जी येऊ शकते. 50 मिलिलिटर खोबरेल तेलात 1 मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, हे 2 टक्क्यांचे प्रमाण झाले. ‘जास्त घातले तर लवकर गुण येतो’ म्हणून अर्धी बाटली ओतणाऱ्यांच्या टाळूला खवले सुटतात, आणि सुजलेल्या टाळूतून गळती वाढतेच.

उरतो एकच युक्तिवाद, तो थोडा वजनदार आहे. नैसर्गिक वस्तूचे पेटंट मिळत नाही, म्हणून कोणी मोठ्या चाचण्यांवर पैसे घालत नाही, पुरावा नाही म्हणजे गुण नाही असे नव्हे. हे तत्त्व मला मान्य आहे. पण सॉ पाल्मेटोवर मोठ्या चाचण्या झाल्याच, सरकारी पैशाने झाल्या, आणि प्रोस्टेटसाठी ते फोल ठरले. रोझमेरीवर चांगली चाचणी झाली नसेल, तर त्यातून ‘माहीत नाही’ एवढेच निघते. ‘माहीत नाही’चे रूपांतर ‘सिद्ध’मध्ये करण्याचा परवाना पेटंटच्या अडचणीने मिळत नाही. आणि ती चाचणी अशक्यही नाही. तीन गट ठेवा: रोझमेरी, 5 टक्के मिनॉक्सिडिल आणि प्लासिबो. रोझमेरीला वास असतो, तो लपवता येत नाही, म्हणून प्लासिबोलाही निरुपद्रवी सुगंध द्या, म्हणजे कोणी वासावरून ओळखणार नाही. टाळूवर बारीक खुणेचा ठिपका गोंदवून त्याच चौरस सेंटिमीटरचे फोटो सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला काढा, मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग हे करू शकतो. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्या तेल कंपन्यांना एवढा खर्च परवडत नाही असे त्यांनी जाहीरपणे सांगावे.

कारण वाट पाहण्याची किंमत केस भरतात. आनुवंशिक टकलात मूळ दरवर्षी थोडे बारीक होते, आणि फार बारीक झालेले मूळ परत जाड केस देत नाही. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांचा मोठा उपयोग आहे तो उरलेले राखण्यात, म्हणून ती लवकर सुरू झाली तरच जमते. थांबवली की मिळवलेले काही महिन्यांत जाते, हेही रुग्णाला सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. ज्याची गळती थायरॉइडची आहे, लोहाच्या कमतरतेची आहे किंवा टाळूवरच्या गजकर्णाची आहे, त्याला तर ही औषधेही नकोत, त्याला रक्त तपासणी आणि अचूक निदान हवे. टाळूवर व्रण टाकणाऱ्या आजारात वर्ष गेले तर मुळेच नाहीशी होतात. अशा माणसाला ‘सहा महिने रोझमेरी लावून बघ’ असे सांगणारा त्याचे सहा महिने काढून घेतो, आणि ते त्याला कोणी परत देत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये टकलाचा समावेश आहे, म्हणजे ते बरे करण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही. म्हणून बाटलीवर शब्द फिरवून लिहिले जातात, आणि उरलेले काम तोंडी प्रचार करतो. त्या तोंडी प्रचाराला माझे सरळ सांगणे आहे. आज हातात असलेला पुरावा इतकाच: रोझमेरीवर प्लासिबोशिवायची एक लहान चाचणी, भोपळ्याच्या बियांवर मिश्र कॅप्सूलची एक चाचणी आणि मिनॉक्सिडिलपुढे कमी पडलेले तेल, सॉ पाल्मेटोवर केसांचे मोजके अभ्यास आणि प्रोस्टेटवरचे स्पष्ट अपयश. हे असे जो सांगेल त्याने खुशाल विकावे. ‘मिनॉक्सिडिलइतकेच गुणकारी’ असे सांगणाऱ्याने मात्र आधी चाचणी दाखवावी, प्लासिबोसकट.